दार उघडलं आणि परीक्षा बंद झाली: घरून देखरेखीखाली परीक्षा देणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रश्न : मी डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहते. गेल्या महिन्यात घरून मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर परीक्षा देत होते. प्रश्न पुटपुटत वाचते म्हणून दुरून देखरेख करणाऱ्या प्रॉक्टरने चॅटवर आधी दोनदा समज दिली होती. नंतर सासूबाई कपाटातून काहीतरी घ्यायला आत आल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, तरी स्क्रीनवर ‘सत्र रद्द’ आलं आणि पैसे गेले. आता पुन्हा पैसे भरून तारीख घेतली आहे. मध्ये एकदा इन्व्हर्टरमुळे नेटही गेलं होतं. शिवाय माझ्या प्रोफाइलवर माहेरचं आडनाव आहे. या वेळी नक्की काय काय सांभाळू? आणि जुन्या परीक्षेचे पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

नमस्कार. पैशांचं आधी सांगते, कारण मन तिथेच अडकलेलं असणार. पैसे परत मिळण्याची शक्यता फार कमी आहे. घरून दिलेली परीक्षा तीन तऱ्हांनी फसते आणि तिन्हींचे परिणाम वेगळे असतात. पहिली तऱ्हा म्हणजे परीक्षा सुरू होण्याआधीच, ओळखपत्र किंवा खोलीच्या तपासणीत अडवलं जाणं. दुसरी म्हणजे वीज, नेट किंवा सॉफ्टवेअरमुळे परीक्षा मध्येच तुटणं. तिसरी म्हणजे नियम मोडला म्हणून प्रॉक्टरने सत्र संपवणं. दुसऱ्या तऱ्हेत तक्रार नोंदवली तर बऱ्याचदा नवी तारीख मिळते. तिसऱ्या तऱ्हेत शुल्क सहसा परत मिळत नाही आणि तुमचं प्रकरण या तिसऱ्या तऱ्हेतलं आहे. तरीही लेखी विचारणा जरूर करा. ती कशी करायची ते शेवटी सांगते.

सासूबाईंचा यात काही दोष नाही, हे घरात मोकळेपणाने बोला. त्यांना नियम कुणी सांगितलेलाच नव्हता. पण नियम इतका कडक का आहे ते समजून घ्या, म्हणजे बाकीची तयारी आपोआप नीट होईल. तुमची परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या ऑनव्ह्यू या सॉफ्टवेअरवर ती होते. तिथल्या प्रॉक्टरला तुमचा प्रामाणिकपणा दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी कळतात : कॅमेऱ्याच्या चौकटीत काय दिसतं, मायक्रोफोनमधून काय ऐकू येतं आणि संगणकावर काय चालू आहे. खोलीत आलेली व्यक्ती गप्प असली तरी ती स्क्रीन बघू शकते, प्रश्न लक्षात ठेवू शकते, खुणा करू शकते. ती तसं करत नाही हे तपासायला प्रॉक्टरकडे काहीही साधन नसतं. म्हणून या नियमात सवलत नाही. पुटपुटण्याचंही तेच. तुम्ही प्रश्न स्वतःला वाचून दाखवता आहात की बाहेर बसलेल्या कुणाला, हे मायक्रोफोनला कळत नाही. दोनदा समज मिळाल्यावर तिसरी गोष्ट घडली, तेव्हा प्रॉक्टरला थांबण्याचं कारण उरलं नाही.

आता माझं स्पष्ट मत. वन रूम किचनमध्ये दोन तास एक खोली पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर परीक्षा घरून देऊ नका. हीच परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर जाऊन देता येते. मुंबई परिसरात अशी केंद्रं आहेत आणि तुम्हाला लोकलने जाता येईल. तिथे नेट, वीज, खोली ही सगळी जबाबदारी केंद्राची असते. तुम्ही फक्त ओळखपत्र घेऊन जायचं. तारीख घेतली आहे ती आपल्या खात्यात जाऊन बदला. केंद्राचा पर्याय तिथे दिसला नाही, तर आधीची नोंदणी रद्द करून नवी करावी लागेल. हे शेवटच्या दिवसावर टाकू नका, कारण वेळेला २४ तासांपेक्षा कमी उरले असताना बदल किंवा रद्द केलं तर शुल्क बुडतं.

घरूनच द्यायची असेल, तर आधी दाराचा बंदोबस्त करा. परीक्षेची जागा चार भिंतींची आणि बंद दाराची हवी. तुमच्याकडे दोन जागा आहेत, खोली आणि स्वयंपाकघर. माझ्या मते खोली तुम्ही घ्या आणि घरातल्यांच्या गरजेच्या सगळ्या वस्तू, औषधं, चष्मा, चार्जर, पर्स, किल्ल्या, आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात नेऊन ठेवा. मागच्या वेळी कपाटच आडवं आलं, हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर दाराला आतून कडी लावा. बाथरूमला जायचा रस्ता तुमच्या खोलीतून असेल तर घरून परीक्षेचा विचार सोडून द्या, कारण दोन तास घरच्यांना अडवून ठेवणं बरं नाही आणि ते जमणारही नाही. बेल वाजू नये म्हणून तिचं बटण बंद करा. दूधवाला, कुरिअर, शेजारच्या काकू यांच्यासाठी बाहेर कुणीतरी मोठं माणूस असू द्या. खिडकी गॅलरीकडे उघडत असेल तर पडदा ओढून घ्या. खिडकीतून डोकावणारा माणूसही कॅमेऱ्यात माणूसच असतो.

खोलीचे फोटो

परीक्षेआधीची तपासणी दिलेल्या वेळेच्या ३० मिनिटं आधी सुरू होते. त्यात तुमचा फोटो, ओळखपत्राचा फोटो आणि बसायच्या जागेचे चार फोटो मागतात : पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून. फोटो मोबाइलने काढता येतात. स्क्रीनवर आलेला क्यूआर कोड किंवा लिंक मोबाइलवर उघडली की काम होतं. हे फोटो माणूस बघतो. शंका आली तर तो चॅटवर किंवा आवाजाने बोलतो आणि लॅपटॉप उचलून कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायला सांगू शकतो. म्हणून लॅपटॉपची वायर थोडी लांब असू द्या.

बघणारा टेबलावर आणि हात पोचेल तिथवर काय आहे ते शोधत असतो. टेबलावर फक्त लॅपटॉप, आणि वापरत असाल तर माउस व कीबोर्ड. कागद, पेन, वही, दुसरा फोन, घड्याळ, हेडफोन यातलं काहीही नको. कच्च्या कामासाठी कागद चालत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच लिहायची पाटी असते, ती सरावात एकदा वापरून बघा. दुसरा मॉनिटर असेल तर त्याची वायर काढा. नुसता बंद ठेवलेला मॉनिटर फोटोत शंका निर्माण करतो. टीव्हीचा प्लगही काढून ठेवा. पुस्तकांचं कपाट खोलीत असणं हा गुन्हा नाही, पण तुमची खुर्ची त्याच्यापासून दूर हवी.

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे समोरची भिंत. तिथे कॅलेंडर असतं, त्याच्या चौकोनांत दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहिलेला असतो. शेजारी मुलांच्या पाढ्यांचा तक्ता असतो. दूरच्या माणसाला मराठी अक्षर वाचता येत नाही, त्याला फक्त भिंतीवर लिहिलेलं काहीतरी दिसतं. कॅलेंडर आणि तक्ता दोन तासांपुरते काढून ठेवा. देवाची तसबीर आहे तशी राहू द्या.

फोटो अंधुक आला तरी तपासणी अडते. बल्ब पाठीमागे असला की चेहरा काळा पडतो. उजेड समोरून यायला हवा. ओळखपत्र लॅमिनेट केलेलं असेल तर वरच्या दिव्याची चमक नावावर येते. ते किंचित तिरकं धरून बघा आणि फोटोतलं नाव तुम्हाला स्वतःला वाचता येतं आहे याची खात्री झाल्यावरच पाठवा.

आडनाव

तुमच्या पत्रातली ही बाब मला सगळ्यांत तातडीची वाटते. खोली कितीही स्वच्छ असली तरी प्रोफाइलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर तुम्हाला आत घेणार नाहीत. अशा वेळी शुल्कही जातं. लग्नाचा दाखला दाखवून तिथल्या तिथे पटवता येईल असं समजू नका. आपल्याकडे एकाच माणसाच्या एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. तुम्ही जे ओळखपत्र दाखवणार आहात ते मूळ, सरकारी, मुदतीतलं आणि चेहरा ओळखू येईल असं हवं. ते आजच हातात घ्या आणि त्यावर पहिलं नाव व आडनाव ज्या स्पेलिंगने आहे, तसंच प्रोफाइलवर आहे का ते अक्षरन् अक्षर ताडून बघा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल आणि मुदत उरली असेल, तर तोच दाखवा, काहीच बदलायला नको. तसा नसेल तर प्रोफाइलवरचं नाव बदलण्याची विनंती आत्ताच पाठवा. त्याला काही दिवस लागू शकतात आणि परीक्षेच्या दिवशी ते होत नाही. कोणती ओळखपत्रं चालतात याची यादी तुमच्या नोंदणीच्या ईमेलमधल्या नियमांत असते. झेरॉक्स किंवा मोबाइलमधली प्रत यांच्या भरवशावर राहू नका.

लॅपटॉप आणि नेट

ऑनव्ह्यूची एक चाचणी आधी करता येते. ती ज्या लॅपटॉपवर, ज्या वायफायवर आणि ज्या जागी बसून परीक्षा देणार तिथेच करा. शक्य झाल्यास दिवसाच्या त्याच वेळी करा. ऑफिसच्या नेटवर पास झालेली चाचणी घरी काहीच सांगत नाही.

ऑफिसचा लॅपटॉप टाळा. त्यावर कंपनीचं व्हीपीएन, फायरवॉल आणि पाळतीची सॉफ्टवेअरं असतात आणि ती बंद करायचा अधिकार तुमच्याकडे नसतो. चाचणीत सगळं हिरवं दिसतं आणि परीक्षेच्या दिवशी व्हिडिओ पुढे जात नाही. स्वतःच्या लॅपटॉपवरही एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, झूम, टीम्स, स्क्रीन रेकॉर्ड करणारं काही, आणि फोन जोडणारं अ‍ॅप हे सगळं पूर्ण बंद हवं. स्क्रीनवरची खिडकी बंद केली तरी यांतली काही मागे चालू राहतात. `Ctrl + Shift + Esc` दाबून यादी उघडा आणि तिथून बंद करा. एनीडेस्क वगैरे नेहमी लागत नसेल तर आदल्या दिवशी काढूनच टाका. विंडोजचं अपडेट अडकलेलं असेल तर तेही आदल्या दिवशी पूर्ण करून लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

नेटच्या वेगापेक्षा त्याचं सलग असणं महत्त्वाचं. व्हिडिओ सतत वर जात असतो, त्यामुळे काही सेकंदांचा खंडही पुरेसा होतो. तुमचं नेट कुठे तुटतं ते असं शोधा. कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` लिहा. त्यात `Default Gateway` समोर जो पत्ता दिसेल तो तुमचा राउटर. मग हे दोन्ही चालवा, पहिल्या ओळीत तुमच्या राउटरचा पत्ता घाला :

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 8.8.8.8
```

शेवटी `Lost` किती ते बघा. पहिल्यातच काही हरवत असेल तर दोष घरातल्या वायफायचा आहे. राउटरपासून थेट लॅन केबल ओढा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. पहिलं स्वच्छ आणि दुसऱ्यात हरवत असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. मग केबलवाल्याला सांगा आणि तोवर परीक्षा घरून देऊ नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परीक्षा देणं मी सुचवणार नाही.

आता इन्व्हर्टर. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने त्याला ते कळत नाही, पण राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्याला नेट पकडायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. म्हणून पंखा चालू राहतो आणि परीक्षा तुटते. यावर उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. फायबरसाठी वेगळा डबा असेल तर त्यालाही तोच आधार लागेल. बसवल्यावर एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, वायफाय टिकलं पाहिजे. दिवे इन्व्हर्टरवर नसतील तर चार्जिंगचा एक दिवा समोर पेटवून ठेवा, कारण अंधारात चेहरा दिसला नाही तर प्रॉक्टर थांबवतो.

तरीही नेट गेलंच तर खुर्ची सोडू नका. नेट आल्यावर डाउनलोड केलेलं ऑनव्ह्यू पुन्हा उघडा, तपासणी सुरू करताना मिळालेला अ‍ॅक्सेस कोड पुन्हा घाला, आणि परीक्षा सहसा जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. गडबडीत फोन उचलून नवऱ्याला ‘राउटर बघ’ सांगण्याचा मोह होईल. तसं केलं तर तांत्रिक अडचणीचं रूपांतर नियमभंगात होतं.

ओठ आणि हात

पुटपुटण्याची सवय ठरवून जात नाही, कारण ती आपल्याला जाणवतच नाही. एक सराव चाचणी पूर्ण वेळ द्या आणि समोर मोबाइल उभा करून स्वतःचं चित्रीकरण करा. मग ते बघा. ओठ कधी हलतात, हनुवटी हातावर कधी टेकते, तोंडावर हात कधी जातो, विचार करताना नजर खाली किंवा बाजूला किती वेळ राहते, हे सगळं दिसेल. तोंड झाकणं आणि चौकटीबाहेर झुकणं, दोन्हींवर समज मिळते. लांब प्रश्न आला की बहुतेकांचे ओठ हलतात. अशा वेळी माउसचा बाण ओळीखाली सरकवत वाचा. हात माउसवर राहतो आणि डोळ्यांना ओळ सापडते, त्यामुळे ओठांची गरज कमी होते. एकदा जमेपर्यंत हे करत राहा.

प्रॉक्टरचा चॅट आला तर लगेच, थोडक्यात उत्तर द्या. वाद घालू नका. मागच्या वेळी पहिली समज मिळाल्यावर तुम्ही ‘सॉरी, वाचायची सवय आहे, थांबवते’ एवढं लिहिलं असेल किंवा नसेल, या वेळी मात्र लिहा.

मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत मध्ये उठायची सोय आहे, पण ती स्क्रीनवरच्या ब्रेकच्या बटणानेच घ्यायची. ब्रेकमध्ये घड्याळ चालूच राहतं आणि ब्रेकआधी पाहिलेल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. न सांगता उठलात तर सत्र जाईल. म्हणून आधीच सगळं उरकून बसा.

त्या दिवशी

तपासणी उघडली की लगेच सुरू करा. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांपर्यंतच आत घेतात, त्यानंतर गैरहजर धरतात. फोटो पाठवल्यावर कधीकधी रांगेत थांबावं लागतं आणि नेमकं तेव्हाच लोक पाणी प्यायला उठतात. कॅमेरा सुरू आहे असंच समजून बसून राहा. मोबाइलचं काम झालं की तो हात पोचणार नाही इतका दूर ठेवा. घरच्यांना आणि ऑफिसला आधीच सांगून ठेवा की या वेळात फोन करायचा नाही.

राहिली जुन्या सत्राची गोष्ट. रद्द झाल्यावर आलेला ईमेल शोधा. त्यात नोंदणी क्रमांक असतो आणि काही वेळा केस क्रमांकही. पिअर्सन व्ह्यूच्या ग्राहक सेवेकडे लेखी विचारा : सत्र कोणत्या नियमाखाली संपवलं, आणि त्यात तांत्रिक अडचणीची नोंद आहे का? ज्या परीक्षेत नेट गेलं ती हीच असेल तर तारीख, वेळ आणि पुन्हा जोडलं गेल्याची नोंद लिहा. जे घडलं ते खरं लिहा. सासूबाई आत आल्या हेही लिहा, कारण चित्रीकरण त्यांच्याकडे आहे आणि लपवलेलं तिथेच उघडं पडतं. या पत्राचा खरा फायदा पैशांपेक्षा वेगळा आहे. तुमच्या नावावर हा प्रसंग साधा नियमभंग म्हणून नोंदला आहे की गैरप्रकाराचा संशय म्हणून, हे तुम्हाला कळेल. गैरप्रकार लिहिलेला असेल तर पुढच्या परीक्षेआधी मायक्रोसॉफ्टकडे दाद मागा, कारण तो शिक्का राहिला तर पुढे परीक्षाच देता न येण्याची वेळ येऊ शकते. हे उत्तर हाती येईपर्यंत नव्या परीक्षेची तारीख पुढे ढकलावी लागली, तर २४ तासांची मुदत सांभाळून ढकला.